आधी बिल मांडा, मग पॉलिसी वाचा

*ताई, आईचं वय 58. सात वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी गुडघे दुखायला लागले म्हणून एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, पण ऑपरेशनची घाई नको. आता तिच्या एकटीसाठी आरोग्य विमा घ्यायचाय. दोन पॉलिसी समोर आहेत, दोन्ही पाच लाखांच्या. एकीचा प्रीमियम 31 हजार, दुसरीचा 38 हजार. एजंट म्हणतात, कव्हर तेवढंच आहे आणि दोन वर्षांनी सगळं कव्हर होतं, तर स्वस्तातली घ्या. शुगरचं फॉर्मवर लिहू नका असंही म्हणतात, नाहीतर प्रीमियम वाढेल. दोन्हींची पानं सोबत पाठवते. यात काय बघायचं आणि कुठे बघायचं, काही कळत नाही. — एक मुलगी*

तुम्ही पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसता प्रीमियम आणि कव्हर एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्या दोन आकड्यांवरून कुठल्याही पॉलिसीबद्दल काही सांगता येत नाही. मी दहा वर्षं क्लेमच्या टेबलावर बसून फायली तपासल्या आहेत. तिथे एक सवय लागली. पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची नाही. आधी एक बिल समोर ठेवायचं आणि ते बिल घेऊन पॉलिसीतून चालत जायचं. कुठे किती पैसे गळतात ते आपोआप दिसतं. आपण आईच्या गुडघ्याचंच बिल घेऊ.

त्याआधी कोणता कागद वाचायचा ते सांगते, कारण तुम्ही पाठवलेल्या पानांत एका पॉलिसीचं फक्त माहितीपत्रक आहे. चकचकीत, फोटोवालं. ते बाजूला ठेवा. क्लेमच्या वेळी ते कुणी उघडत नाही. तिथे दोन कागद चालतात. एक पॉलिसी वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटी असलेला जाडजूड दस्तऐवज. दुसरा शेड्यूल, ज्यावर आईचं नाव, रक्कम, तारखा आणि तिच्यापुरत्या खास अटी छापलेल्या असतात. शेड्यूल पैसे भरल्यावर मिळतं, पण वर्डिंग आधीच मिळतं, कंपनीच्या वेबसाइटवर असतं. उतरवताना त्यावरचा UIN क्रमांक एजंटने दिलेल्या कोटेशनवरच्या क्रमांकाशी जुळतो का बघा. एकाच नावाची जुनी आणि नवी आवृत्ती असते, आणि लोक चुकून जुनी वाचत बसतात. शिवाय कस्टमर इन्फर्मेशन शीट नावाचा थोडक्यातला तक्ता मागा. विमा नियामक आयआरडीएआयने 1 जानेवारी 2024 पासून तो नव्या साच्यात द्यायला लावलाय. मर्यादा, वेटिंग पिरियड, वगळलेल्या गोष्टी सगळं त्यात एका जागी असतं, आणि कुठली अट वर्डिंगच्या कुठल्या कलमात आहे तेही लिहिलेलं असतं. मी आधी तो वाचते, मग त्यातल्या क्रमांकावरून वर्डिंगमधलं मूळ कलम उघडते.

आता बिल. समजा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आई सहा दिवस दवाखान्यात राहिली आणि खोली घेतली रोज 8,000 रुपयांची. खोलीचे झाले 48,000. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून 1,20,000. गुडघ्यात बसवलेल्या इम्प्लांटचे 90,000, औषधांचे 30,000, तपासण्यांचे 12,000. हातमोजे, मास्क, नोंदणी फी असल्या किरकोळ गोष्टींचे 10,000. एकूण 3,10,000. कव्हर पाच लाखांचं आहे, म्हणजे सगळं बसलं असं आपल्याला वाटतं. एजंटलाही तसंच वाटत असावं.

स्वस्त पॉलिसीच्या तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे: खोलीभाडं रोज कव्हरच्या 1 टक्क्यापर्यंत. पाच लाखांचा 1 टक्का म्हणजे 5,000. खोली 8,000 ची घेतली, तर वरचे रोजचे 3,000 आपले, सहा दिवसांचे 18,000. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. त्याच पानाच्या तळाशी, बारीक टायपात, याच्या पुढचं वाक्य आहे आणि खरा फटका त्या वाक्याचा आहे. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर तिच्याशी निगडित वैद्यकीय खर्चही त्याच प्रमाणात कापला जाईल, असं ते म्हणतं. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात, म्हणजे प्रमाणशीर कपात.

कारण असं आहे की आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत खोलीच्या दर्जाप्रमाणे सर्जनची फी, थिएटरचं भाडं, व्हिजिटचे दर सगळंच बदलतं. कंपनी म्हणते, आम्ही 5,000 च्या खोलीचा खर्च कबूल केलाय, तुम्ही 8,000 च्या खोलीत गेलात, तेव्हा बाकीचा खर्चही पाच अष्टमांशच देऊ. आपल्या बिलात डॉक्टर आणि थिएटरचे 1,20,000 होते. त्याचे पाच अष्टमांश 75,000. म्हणजे 45,000 गेले. खोलीतून कापलेल्या 18,000 पेक्षा ही रक्कम अडीचपट आहे आणि ती कापली जाणार हे घरात कुणालाही माहीत नसतं. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना मात्र ही कात्री लावता येत नाही, नियमानेच. आयसीयूच्या आकारालाही लावता येत नाही. आणि जो दवाखाना खोलीप्रमाणे वेगवेगळे दर लावतच नाही, तिथेही ही कपात करता येत नाही. क्लेम आला तर कापलेल्या रकमेचा तपशील मागून एवढं नक्की तपासा, कारण या तिन्ही बाबतींत चुका होतात.

पुढे चला. किरकोळ वस्तूंचे 10,000 स्वस्त पॉलिसीत सरळ वगळलेले आहेत. तर मान्य रक्कम किती झाली? खोलीचे 30,000, डॉक्टर-थिएटरचे 75,000, इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांचे 1,32,000. मिळून 2,37,000. आता पाचव्या पानावर या. 10 टक्के को-पे. म्हणजे मान्य झालेल्या प्रत्येक क्लेममधला दहावा हिस्सा आपण भरायचा. 23,700 गेले. हातात आले 2,13,300. खिशातून गेले 96,700.

तेच बिल महाग पॉलिसीतून न्या. तिथे खोलीच्या ओळीत रक्कम नाही, 'सिंगल प्रायव्हेट रूम' असं लिहिलंय. को-पे नाही. आपली 8,000 ची खोली त्या दर्जाची असेल तर कात्री फक्त किरकोळ वस्तूंना लागेल, म्हणजे खिशातून 10,000. प्रीमियममधला फरक वर्षाला 7,000 चा आणि या एका बिलात फरक 86,700 चा. अर्थात तिथेही डीलक्स किंवा सुईट घेतलीत तर प्रमाणशीर कपात लागू होईल, ते कलम त्या पॉलिसीतही आहे, पान सात.

स्वस्त पॉलिसी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आई 5,000 च्या आतल्या खोलीत राहणार हे पक्कं असेल आणि तुम्ही जिथे जाल त्या दवाखान्यात तशी खोली मिळत असेल, तर 63,000 ची कपात होणारच नाही, फक्त को-पे आणि किरकोळ वस्तू उरतील. म्हणून आजच फोन उचला आणि घराजवळच्या ज्या दोन दवाखान्यांत तुम्ही खरोखर जाल, तिथे खोल्यांचे रोजचे दर विचारा. नर्सिंगचे पैसे वेगळे लावतात का तेही विचारा, कारण काही पॉलिसींत नर्सिंगचा आकारही खोलीच्याच मर्यादेत मोजतात. हे दोन फोन केल्याशिवाय दोन पॉलिसींची तुलना होत नाही.

मर्यादेबद्दल आणखी एकच गोष्ट. स्वस्त पॉलिसीत मोतीबिंदूला एका डोळ्याला 40,000 अशी वेगळी मर्यादा आहे. तिला सब-लिमिट म्हणतात. पाच लाखांचं कव्हर असलं तरी त्या आजाराला तेवढेच मिळणार. 58 वर्षांच्या शुगर असलेल्या बाईंना मोतीबिंदू पुढेमागे होऊ शकतो, तेव्हा ही ओळ तुमच्या कामाची आहे. अशा ओळी वर्डिंगमध्ये विखुरलेल्या असतात, इन्फर्मेशन शीटमध्ये मात्र 'सब-लिमिट' या एका चौकटीत सापडतात.

हे सगळं गणित क्लेम मंजूर होण्याच्या लायकीचा आहे असं धरून केलं. गुडघ्याचा क्लेम कधीपासून लायक ठरेल, हा वेटिंग पिरियडचा प्रश्न, आणि तिथे तुमच्या आईच्या बाबतीत तीन घड्याळं एकदम चालू होतात.

समजा पॉलिसी 1 एप्रिल 2026 ला सुरू झाली. पहिलं घड्याळ 30 दिवसांचं. या काळात अपघात सोडून कुठल्याच आजाराचे पैसे नाहीत. 30 एप्रिलला ते संपेल. दुसरं घड्याळ ठरावीक आजारांच्या यादीचं. सांधे बदलणं, मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गर्भाशय काढणं असे आजार आणि ऑपरेशनं त्यात असतात. तुमच्या दोन्ही पॉलिसींत हा काळ 24 महिन्यांचा आहे, म्हणजे 31 मार्च 2028 पर्यंत. इथे लोक फसतात ते असं की, आजार पॉलिसी घेतल्यानंतर झाला तरी हे घड्याळ लागू होतं. आधी गुडघे ठणठणीत होते असं सांगून उपयोग नाही.

तिसरं घड्याळ आधीपासून असलेल्या आजारांचं, ज्याला प्री-एक्झिस्टिंग डिसीज म्हणतात. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे हा काळ जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो. आधी तो 48 महिन्यांपर्यंत असायचा. तुमच्या स्वस्त पॉलिसीत 36 आहे, महागात 24. आणि आधीपासूनचा आजार म्हणजे काय, याची व्याख्या वाचा: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्याच्यासाठी या काळात सल्ला वा उपचार सांगितले किंवा घेतले गेले असा आजार. ऑपरेशन सांगितलं नव्हतं, नुसता एक्स-रे काढला होता, याने काही फरक पडत नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी झीज सांगितली, तिथेच गुडघा या व्याख्येत बसला.

आता गुडघा दोन्ही यादींत आला. यादीतला म्हणून 24 महिने आणि आधीपासूनचा म्हणून 36. दोन्हींपैकी जास्त असेल तो काळ धरायचा, असं कलमातच लिहिलंय. स्वस्त पॉलिसीत आईच्या गुडघ्याला 31 मार्च 2029 नंतरच पैसे मिळतील, महाग पॉलिसीत 31 मार्च 2028 नंतर. एजंटने सांगितलेल्या 'दोन वर्षांनी सगळं कव्हर' या वाक्यात हे एक अख्खं वर्ष हरवलेलं आहे. शुगरलाही तसंच, स्वस्त पॉलिसीत 36 महिने आणि महागात 24. डॉक्टर पुढच्या वर्षभरात ऑपरेशन करा म्हणाले, तर यातली कुठलीही पॉलिसी त्या ऑपरेशनला कामी येणार नाही. त्यासाठी पैसे वेगळे ठेवावे लागतील.

ही घड्याळं पॉलिसी अखंड चालू असेल तरच पुढे सरकतात. नूतनीकरण विसरलात आणि सवलतीचे दिवसही उलटून गेले, तर सगळं शून्यापासून. नंतर कधी कव्हर पाचाचं दहा लाख केलंत, तर वाढवलेल्या पाच लाखांपुरती घड्याळं नव्याने सुरू होतात. म्हणून कव्हर वाढवायचं मनात असेल तर ते आत्ताच वाढवलेलं बरं.

आता शुगर न लिहिण्याबद्दल. हा सल्ला वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते, कारण असल्या फायली मी हाताळल्या आहेत. एक अजून लख्ख आठवते. एका बाईंना छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री दाखल केलं. कॅज्युअल्टीमधल्या डॉक्टरने विचारलं, आधीचे काही आजार? मुलाने घाईघाईत खरं तेच सांगितलं: शुगर आहे, आठ वर्षं झाली. डॉक्टरने केस पेपरवर एका ओळीत ते लिहून घेतलं आणि ती ओळ जशीच्या तशी डिस्चार्ज कार्डावर उतरली. प्रपोजल फॉर्मवर मात्र मधुमेहाच्या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण होती. पॉलिसी दुसऱ्या वर्षात होती. क्लेम नाकारला गेला आणि पॉलिसीही रद्द झाली. मुलगा म्हणत होता, फॉर्म आम्ही भरलाच नाही, एजंटने भरला, आईने फक्त सही केली. ते खरं असणार. पण सही तिची होती. त्या फाईलवर मला काहीही करता आलं नाही, आणि नंतर त्या बाईंना नवीन पॉलिसी मिळवणं किती अवघड गेलं असेल हे मला माहीत आहे.

एजंट कदाचित म्हणतील, पाच वर्षांनी कंपनी काही विचारू शकत नाही. यात अर्धं तथ्य आहे. सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण उरत नाही, आणि मुळात ती पाच वर्षं आईला दवाखान्यात न जाता काढावी लागतील. उलट शुगर लिहिलीत तर काय होईल? कंपनी थोडा जादा प्रीमियम मागेल, त्याला लोडिंग म्हणतात, आणि तो मान्य आहे का हे आधी तुम्हाला विचारेल. किंवा पॉलिसी नाकारेल, मग दुसरी शोधायची. शिवाय वेटिंग पिरियडच्या कलमाची शेवटची ओळ वाचा. मुदत संपल्यावर आधीपासूनच्या आजाराला पैसे मिळतील, पण तो अर्जात जाहीर केलेला आणि कंपनीने स्वीकारलेला असेल तरच. म्हणजे न लिहिलेल्या शुगरचं तिसरं घड्याळ कधी संपतच नाही. गुडघ्याचा एक्स-रेही लिहा, तारखेसकट.

वगळलेल्या गोष्टींचं प्रकरण लांबलचक असतं, पण ते वाटतं तितकं अवघड नाही. नेहमीच्या वगळणुकींची भाषा सगळ्या कंपन्यांना सारखीच ठेवावी लागते आणि प्रत्येकीला कोड असतो, Excl01 पासून Excl18 पर्यंत. पहिले तीन म्हणजे वर सांगितलेली तीन घड्याळंच आहेत. ती मुदतीने संपतात. Excl04 पासून पुढच्या मात्र कायमच्या असतात. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, साहसी खेळ, वंध्यत्व, प्रसूती वगैरे यादीतलं बरंचसं आईच्या कामाचं नाही, ते झरझर वाचून सोडा. Excl04 वर मात्र थांबा. फक्त तपासण्यांसाठी किंवा निदानासाठी दाखल झाल्यास पैसे नाहीत, असं ते आहे. चक्कर येते म्हणून दोन दिवस दाखल केलं, स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल आलं, घरी सोडलं. असा क्लेम या कलमाखाली अडकतो. दाखल करणं का गरजेचं होतं आणि कोणता उपचार दिला, हे डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं असेल तरच तो वाचतो. कोड नसलेल्या, कंपनीने स्वतःच्या म्हणून टाकलेल्या वगळणुकी त्यानंतर येतात. माझा बहुतेक वेळ मी तिथे घालवते, कारण दोन पॉलिसींतला फरक तिथेच असतो. तुमच्या दोन्ही पानांत त्या जवळपास सारख्या आहेत.

प्रीमियम मुद्दाम शेवटी ठेवला. 31 आणि 38 हजार हे आजच्या वयाचे आकडे. दोन्ही कंपन्यांकडे वयोगटानुसार पूर्ण तक्ता मागा आणि 61, 66, 71 या वयांच्या ओळी बघा. काही पॉलिसी साठीनंतर एकदम उडी मारतात. कंपनी पुढे हे दरही वाढवू शकते, तेव्हा त्या तक्त्याला वचन समजू नका, पण उडी कुठे आहे ते त्यातून दिसतं. स्वस्त पॉलिसीचा को-पे ठरावीक वयानंतर 20 टक्के होतो का, हेही त्याच वेळी विचारा, कारण तुम्ही पाठवलेल्या पानावर '10 टक्के' च्या पुढे एक फुली आहे आणि तिची तळटीप असलेलं पान माझ्याकडे आलेलं नाही. आणि हो, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. कोटेशनमध्ये ती ओळ दिसली तर ते जुनं आहे, नवीन मागा.

मला विचाराल तर, दोन्ही दवाखान्यांत 5,000 च्या आत खोली मिळत नसेल तर महाग पॉलिसी घ्या. मिळत असली तरी गुडघ्याचं एक वर्ष आणि को-पे धरून मी तिकडेच झुकेन.

पैसे भरल्यावर पॉलिसी हातात पडली की 30 दिवस असतात. या फ्री लुकच्या काळात ती परत करता येते, किरकोळ खर्च कापून प्रीमियम मिळतो. पहिल्याच दिवशी शेड्यूल उघडा आणि आधीपासूनच्या आजारांच्या रकान्यात मधुमेह आणि गुडघा दोन्ही छापलेत का बघा. सोबत भरलेल्या अर्जाची प्रत येते, तिच्यातल्या प्रत्येक 'हो' आणि 'नाही' वर बोट ठेवून आईला मोठ्याने वाचून दाखवा. एखादं उत्तर चुकीचं निघालं तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून दुरुस्ती मागा, आणि दुरुस्त केलेलं शेड्यूल हातात येईपर्यंत 30 दिवसांची ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.